वजा चिन्हापाशी तुटलेला प्रोग्राम

दाजींनी तो प्रोग्राम व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकला नसता तर त्या दिवशी वजनकाट्यावर रक्त सांडलं नसतं, असं आमच्या घरात अजून म्हणतात. मला ते पटत नाही. नसता टाकला तर लोकांनी दुसरं काहीतरी निमित्त धरून मारलं असतं. पण दाजींनी टाकला, आणि टाकला तोही अर्धा, एवढं मात्र खरं आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे नवरे. मुखेडच्या बाहेर रस्त्याला लागून एक वजनकाटा आहे, तिथं ते ऑपरेटर होते. ट्रॅक्टर लोखंडी प्लेटीवर चढायचा, केबिनमधल्या कॉम्प्युटरवर आकडा यायचा, दाजी पावती काढून द्यायचे. काट्याचा मालक देगलूरला बसून, महिन्यातून एकदा तोंड दाखवणारा. मी लातूरला आडत दुकानांचे बिलिंगचे प्रोग्राम लिहिते, त्याच्यावरच माझं घर चालतं. माझी जीभ तिखट आहे हे सासरी-माहेरी सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तुम्हालाही आधीच सांगून टाकते.

सोयाबीनचे दिवस होते. शेजारच्या गावातले एक मोठे शेतकरी, सगळे त्यांना अप्पा म्हणायचे, कपाळावर भस्माचे पट्टे आणि आवाज असा की बैल दचकावेत. त्यांनी आपली ट्रॉली दाजींच्या काट्यावर आधी रिकामी आणि मग भरून मोजली, नंतर संशय आला म्हणून माल न उतरवता तशीच देगलूरच्या दुसऱ्या काट्यावर नेऊन मोजली. तिथं वजन जास्त भरलं. माल तोच, ट्रॉली तीच, आकडे दोन. कुणाचंही डोकं फिरेल. गावाच्या ग्रुपवर बोंब झाली की कॉम्प्युटर वजन खातो, ऑपरेटरनं आत काहीतरी भरून ठेवलंय.

दाजी सरळ माणूस, पण सरळपणात एक येडेपणा असतो. त्यांना वाटलं, प्रोग्रामच लोकांसमोर ठेवला की मिटलं. तो लिहिला होता नांदेडच्या एका सॉफ्टवेअरवाल्यानं, आणि साध्या मजकुरासारखा वाचता येईल असाच तो फायलीत पडलेला होता. दाजींनी ती फाईल उघडली, वरच्या ओळीवर माऊस दाबला, ओढत खाली आणला आणि जिथं स्क्रीन संपली तिथं सोडला. त्यांच्या हिशेबानं स्क्रीन संपली म्हणजे प्रोग्राम संपला. खाली सरकवायचं असतं हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. कॉपी केलं, ग्रुपवर चिकटवलं, खाली लिहिलं, "बघा, यात काय चोरी हाय ते दाखवा."

मी त्या दिवशी अक्काकडं आले होते. दुपारी आम्ही दोघी कुरडया तळत होतो आणि काट्याजवळच्या खतांच्या दुकानदाराचा फोन आला. अक्कानं फोन ऐकला आणि झारा कढईतच सोडला. मी गॅस बंद केला. दोघी तशाच निघालो, तिच्या पायात चप्पल नव्हती.

काट्याजवळ पोचलो तेव्हा केबिनच्या काचा फुटलेल्या होत्या. दाजी आत बसलेले असतानाच कुणीतरी बाहेरून दगड घातला होता आणि काच त्यांच्या तोंडावर आली होती. डाव्या डोळ्यातून रक्त वाहत होतं, हनुवटीवरून शर्टावर टपकत होतं. तेवढ्यानं भागलं नव्हतं. त्यांना कॉलरला धरून प्लेटीवर आणलं होतं आणि दोघं-तिघं लाथा घालत होते. एकानं ट्रॉलीचा लोखंडी आडणा हातात घेतलेला. दाजी "आई, आई" म्हणत पोट धरून गोळा झाले होते. अक्का ओरडत दाजींच्या अंगावर जाऊन पडली, तेव्हा एक लाथ तिच्या पाठीत बसली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आडणेवाल्याच्या हाताला चावले. लाज वाटत नाही मला सांगायला, चांगला कडकडून चावले, आडणा खाली पडला. "बाईवर हात टाकून राहिले का रे भाडखाऊ," असं आणि याहून वाईट मी बोलले. कुणीतरी माझे केस धरून मागं ओढलं. तेवढ्यात अप्पांचा आवाज आला, "सोडा तिला. कॉम्प्युटरवाली हाय ती. तिलाच वाचू द्या."

लोक मागं सरले, पण कडं तसंच राहिलं. अप्पांच्या पुतण्यानं माझ्या पुढ्यात मोबाईल धरला. "मी एआयला विचारलं म्याडम. चोरी हाय म्हणलं त्यानं. पुढच्या ओळी बी लिहून दिल्या."

"पुढच्या ओळी कुठून आल्या? तुला कुणी दिल्या?"

"त्यानंच लिहिल्या."

"म्हणजे त्याच्या मनच्या. त्या ह्या काट्यातल्या नाहीत." मी त्या ओळी अंगठ्यानं वर ढकलल्या आणि दाजींनी चिकटवलेला मूळ मजकूर काढला.

मी मोठ्यानं वाचायला लागले. मध्ये मध्ये समजावून सांगत होते, कारण तिथं सगळे शेतकरी, प्रोग्राम कुणी कशाला बघितलेला. "हे एक फंक्शन हाय. म्हणजे प्रोग्रामातलं एक छोटं काम. ह्याला आकडे द्यायचे आणि त्यानं एक आकडा परत द्यायचा. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, पोती किती आणि ओलावा किती, एवढं ह्याला देतात. पहिली ओळ, भरल्यातून रिकामं वजा. ते निव्वळ. बरोबर हाय?"

"हाव," दोघं-चौघं म्हणाले.

"दुसरी, पोती असली तर बारदान्याचं, रिकाम्या पोत्यांचं वजन वजा. अप्पा, तुमचा माल सुटा होता, पोतं एक नव्हतं, म्हणजे इथं काही कटत नाही."

"पुढं," अप्पा म्हणाले.

"पुढं विचारलंय, ओलावा मर्यादेपेक्षा जास्त हाय का. जास्त असला तरच खालच्या ओळी चालणार. खालची ओळ, कट नावाचा एक आकडा काढला." कट म्हणताच गर्दीत गलका झाला. मी आवाज चढवला. "आणि त्याच्या खाली, निव्वळ बरोबर निव्वळ वजा. आणि संपलं."

"वजा काय?"

"ते इथं नाही. वजाच्या चिन्हावर तुटलंय. दाजींनी कॉपी करताना तिथंच माऊस सोडला."

"वजा काय ते सांग ना. लई शहाणपणा नको."

"मला माहीत नाही."

मागून मातीचं ढेकूळ आलं आणि माझ्या कानशिलावर फुटलं. डोळ्यापुढं अंधारी आली, पण मी पडले नाही. पुन्हा दाजींच्या बरगडीत कुणीतरी लाथ घातली आणि त्यांचा आवाज कुत्र्याच्या पिलासारखा निघाला. खताच्या दुकानदाराची जीप उभी होती, दवाखान्यात न्यायला तो तयार होता, पण जीपच्या पुढं ट्रॅक्टर आडवा लावलेला. अप्पा म्हणाले, "निकाल लागल्याबिगर गाडी हलणार न्हाई."

अक्का माझ्या पायाशी बसली होती, दाजींचं डोकं मांडीवर. तिनं माझ्या साडीच्या निऱ्या ओढल्या आणि दबक्या आवाजात म्हणाली, "म्हण ना बाई. काही नाही म्हण. चोरी नाही म्हण. मी तुझ्या पाया पडते."

दाजींनी आयुष्यात कुणाचं दाणाभर खाल्लं नाही हे मला माहीत होतं. पण प्रोग्राम दाजींनी लिहिलेला नव्हता. तो नांदेडच्या माणसानं लिहिला, मालकानं बसवून घेतला, आणि त्या दोघांच्या पोटात काय आहे हे मी कशी सांगणार. नाही म्हणाले असते आणि लोकांनी आतली फाईल उघडून बघितली असती, त्यात उघड उघड वजन कापलेलं निघालं असतं, तर तिथल्या तिथं दाजींचा आणि आमचाही मुडदा पडला असता. आणि हे सगळं सोडून द्या, मला खोटं बोलायला जमतच नाही त्या कामात. घरात शंभर खोटं बोलेन, पण आकड्यात नाही. मी अक्काच्या हातातून निऱ्या सोडवून घेतल्या.

"ऐका," मी म्हणाले. "जेवढं दिसतं तेवढं सांगते, नंतर माझी मान कापली तरी जास्त सांगणार नाही. वरच्या दोन ओळी सरळ हायत. खाली वजा काय ते दिसत नाही. कट असेल, शून्य असेल. वजा केलेलं पुढच्याच ओळीत परत मिळवलं असेल. शेवटी आकडा परत कोणता दिला ती ओळच इथं नाही, आणि पावतीवर तोच येतो. ओलाव्याची मर्यादा किती ठेवलीय तेही इथं नाही, म्हणजे तुमच्या ट्रॉलीला हा भाग लागू झाला का नाही ते कुणी सांगू शकत नाही. काट्यावर हीच फाईल चालून राहिली का, तेही ह्या मोबाईलवरून कळत नाही. चोरी हाय म्हणणारा खोटं बोलतोय आणि नाही म्हणणारा बी खोटं बोलतोय. बाकीचा प्रोग्राम कॉम्प्युटरात हाय. तो बघू द्या."

"कॉम्प्युटर तर फोडला," पुतण्या म्हणाला.

मी केबिनमध्ये बघितलं. त्यांनी फोडली होती ती स्क्रीन. सगळं त्या काचेतच असतं अशा समजुतीनं तिचा चुरा केला होता. टेबलाखालचा पत्र्याचा डबा, ज्यात खरा कॉम्प्युटर असतो, तो तसाच धूळ खात बसलेला. पण माझी नजर तिकडं गेली आणि आणखी एकाची पण गेली. तो आडणेवाला, ज्याला मी चावले होते, "हा बी ठेवत न्हाई साल्याला," म्हणत आत घुसला आणि वायरींसकट डबा ओढून डोक्यावर उचलला.

तो प्लेटीवर आपटला असता तर उरलेला प्रोग्राम गेला असता आणि दाजी कायमचे चोर ठरले असते. मी त्याच्या पोटात डोकं घातलं. डबा त्याच्या हातातून सुटला, माझ्या खांद्यावर पडून खाली आला, आणि मी त्याच्यावर पालथी झाले. मग माझ्यावर लाथा सुरू झाल्या. कमरेत, पाठीत, मानेवर. पत्र्याचा कोपरा छातीत रुतत होता. मी डबा सोडला नाही. अक्का किंचाळत होती, दाजींचा आवाज आता येत नव्हता.

"बास," अप्पा ओरडले. त्यांनी हातातली काठी त्या माणसाच्या पिंढरीवर हाणली, आपल्याच माणसाच्या. "तिला बघू दे. माझा माल गेलाय, तुझा न्हाई. मला खरं पायजे."

खताच्या दुकानातून स्क्रीन आली, कीबोर्ड आला. मी म्हणाले, "अप्पा, आधी दाजींना दवाखान्यात जाऊ द्या. डोळा जाईल त्यांचा." अप्पांनी ट्रॅक्टरकडं बघितलं, मग लोकांकडं, आणि नाही म्हणून मान हलवली. "आधी वाच." त्यांनाही गर्दीची भीती वाटत होती हे मला तेव्हा कळलं नाही, आता वाटतं.

दाजींना जीपमध्ये बसवलं होतं. अक्कानं पदर त्यांच्या डोळ्यावर दाबून धरलेला. मी केबिनच्या दारात काचांवर बसून डबा चालू केला. चालू व्हायला त्यानं वेळ लावला, आणि मी आयुष्यात कुठल्या देवाचं नाव इतक्यांदा घेतलं नसेल. फाईल उघडली. वजाच्या पुढं सरकले.

"वजा कट," मी वाचलं.

झालं. "कबूल केलं, कबूल केलं," म्हणत लोक जीपकडं धावले. जीपचा मागचा पडदा टरकन फाटला, दाजींचा पाय धरून कुणी बाहेर ओढत होतं. मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "थांबा, मर्यादा बघू द्या, मर्यादा दुसऱ्या फायलीत हाय." मी पुन्हा अर्ध्यावरच होते, फक्त ह्या वेळेला अर्धं आधीपेक्षा वाईट दिसत होतं. कुणी ऐकेना. अप्पा जीपच्या दाराशी आडवे उभे राहिले आणि त्यांच्या कपाळावर कुणाचं तरी कोपर बसलं. भस्म पुसून तिथं रक्त आलं. तेव्हा लोक थबकले, कारण ते रक्त अप्पांचं होतं.

मी सेटिंगची फाईल उघडली. ओलाव्याची मर्यादा तिथं शंभर लिहिलेली होती. "शंभर टक्के," मी ओरडून सांगितलं. "शंभराच्या वर ओलावा नुसत्या पाण्यालाही नसतो. मुद्दाम बंद करून ठेवलाय हा भाग. आणि ह्या काट्याला ओलावा मोजायचं यंत्रच नाही, प्रोग्राम ओलावा शून्य धरतो. वजा कट ही ओळ इथं कधी चाललेलीच नाही." काटा चालू करायचा आयकॉन कोणती फाईल उघडतो तेही बघितलं, हीच होती. मग अप्पांची पावती मागितली. तिच्यावरचे भरल्याचे आणि रिकाम्याचे आकडे त्याच फंक्शनला दिले. भरल्यातून रिकामं वजा, तेवढंच परत आलं. पावतीवर छापलेलं निव्वळ आणि हे, दोन्ही एक.

"मग माझं वजन कमी कामून आलं?" अप्पा म्हणाले.

"ते मला ह्यातून दिसत नाही. प्रोग्रामनं खाल्लं नाही, एवढंच सांगू शकते. त्याच्यापर्यंत आलेला आकडाच कमी असला तर तो काय करणार."

अप्पांनी पावती घडी करून खिशात घातली. मग त्यांनी हात केला आणि ट्रॅक्टर बाजूला झाला.

वजनमापे खात्याचा माणूस नंतर आला. प्लेटीखालच्या खड्ड्यात चिखल आणि खडी घट्ट बसली होती, आणि प्लेटीचा काही भार त्या चिखलावरच टेकत होता. तेवढं वजन खाली मोजणाऱ्या यंत्रांपर्यंत पोचतच नव्हतं. म्हणजे अप्पांचं खरं होतं, वजन कमीच येत होतं. मी त्या दिवशी अक्काच्या सांगण्यावरून "सगळं ठीक हाय" म्हणाले असते तर ते खोटं ठरलं असतं. हे मी घरात अनेकदा सांगितलं आहे. कुणी ऐकून घेत नाही.

दाजींना मुखेडहून नांदेडला हलवलं. डावा डोळा काढावा लागला. अक्कानं डॉक्टरला विचारलं, लवकर आणलं असतं तर वाचला असता का. डॉक्टर म्हणाला, जखम खोल होती, आता नक्की सांगता येत नाही. मला त्या डॉक्टरचा राग आला नाही. त्याला दिसत होतं तेवढंच तो बोलला.

दाजी स्वतः मला काही बोलत नाहीत. उलट मी गेले की हसून म्हणतात, "ये, उजवीकडून ये, म्हणजे दिसशील." अक्का बोलत नव्हती. जेवायला वाढायची, पण ताटाकडं बघून. ह्या खेपेला गेले तेव्हा ती ज्वारी निवडत बसली होती, मी शेजारी बसले आणि सूप ओढून घेतलं. निवडता निवडता ती म्हणाली, "पहिल्यांदा विचारलं तेव्हाच चोरी नाही म्हणली असतीस, तर गाडी सोडली असती का त्यांनी?"

मी खरं ते सांगितलं. "सोडली असती, नसती, मला काय माहीत अक्का. पुढचा प्रोग्राम माझ्या पुढ्यात नव्हता. जे दिसत नाही ते मी कसं सांगणार."

अक्कानं सुपातला खडा उचलला, बाजूला टाकला, आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं.

"त्यांचा डोळा तर दिसून राहिला होता ना तुला," ती म्हणाली.